तक्रारीनंतरचे दिवस – भाग 6 : तारीख सांगा, तपशील नको

गेल्या आठवड्याच्या भागात तक्रार सहा प्रतींत अंतर्गत समितीकडे पोचली. तिथून अहवालापर्यंतचा काळ तक्रारदार बाईच्या दृष्टीने बहुधा कोराच असतो. ती विचारते, ‘माझ्या तक्रारीचं पुढे काय झालं?’ समितीतलं कुणी किंवा एचआरमधलं कुणी सांगतं, ‘प्रकरण गोपनीय आहे, काही बोलता येणार नाही.’ सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानं आपले हात बांधले आहेत, असं त्याला मनापासून वाटत असतं. पण कायद्याचा मजकूर नीट वाचला तर तसं काही बांधलेलं दिसत नाही. प्रकरणात काय आहे ते झाकून ठेवायचं आहे. प्रकरण कुठल्या पायरीवर आहे आणि पुढची पायरी कधी, हे तक्रारदारापासून झाकायचं काहीच कारण नाही.

कायद्याचं कलम 16 यादी मोठी देतं. तक्रारीचा मजकूर, तक्रारदार, प्रतिवादी आणि साक्षीदार यांची ओळख व पत्ते, समझोत्याची आणि चौकशीची माहिती, समितीच्या शिफारशी आणि नियोक्त्यानं केलेली कारवाई. यादी वाचून थांबलं की सगळंच बंद वाटतं. पण वाक्य तिथे संपत नाही. यातलं काहीही जनतेला, वृत्तपत्रांना किंवा अन्य माध्यमांना कळवायचं नाही, असं ते वाक्य आहे. तक्रारदार ही यातली कुणीच नाही, ती प्रकरणाची पक्षकार आहे. पुढे हाच कायदा चौकशीचा अहवाल दोन्ही पक्षांना द्यायला सांगतो, आणि दोघेही कर्मचारी असतील तर निष्कर्षांची प्रत देऊन त्यावर म्हणणं मांडण्याची संधीही द्यायला सांगतो. ज्या बाईच्या हाती शेवटी अहवाल द्यायचाच आहे, तिला पुढच्या सुनावणीची तारीख सांगितल्यानं कलम 16 मोडतं, हे म्हणणं टिकणारं नाही.

मग चौकशी चालू असताना तिला सगळंच का सांगू नये? कारण मर्यादा आहे, फक्त ती दुसरीकडून येते. तक्रारदार स्वतःच या चौकशीतली महत्त्वाची साक्षीदार असते. अमुक सहकारी तिच्या बाजूनं बोलला, तमुक गप्प राहिला, हे तिला खासगीत आधी कळलं तर तिच्या पुढच्या जबाबावर त्याची सावली पडते, आणि पुढे अपिलात प्रतिवादी नेमकं त्यावर बोट ठेवतो. साक्षीदारही कंपनीतलेच, रोज एकाच कँटीनमध्ये जेवणारे. आपलं बोलणं संध्याकाळपर्यंत फिरतं असं कळलं की पुढचा साक्षीदार येतच नाही. साक्षीत काय आलं हे तिला कळायला हवंच, पण ते रीतसर सुनावणीत, दोन्ही पक्षांना सारखं. मधल्या निरोपांतून नाही.

सांगण्यासारखं काय उरतं, असं विचाराल तर बरंच. समजा, चाकणच्या एका कारखान्यात सोमवारी 2 जूनला तक्रार आली आणि तिथे आठवड्याला पाच दिवस काम चालतं. नियमांप्रमाणे समितीनं सात कामाच्या दिवसांत तक्रारीची प्रत प्रतिवादीला द्यायची, म्हणजे 11 जूनपर्यंत. प्रत मिळाल्यापासून दहा कामाच्या दिवसांत त्यानं लेखी उत्तर, कागद आणि साक्षीदारांची यादी द्यायची, म्हणजे उशिरात उशिरा 25 जून. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. तक्रार मिळाल्यापासून मोजलं तर ती मुदत 31 ऑगस्टला येते. त्यानंतर दहा दिवसांत अहवाल, 10 सप्टेंबर. अहवाल हाती आल्यावर नियोक्त्याला शिफारशींवर कृती करायला साठ दिवस, 9 नोव्हेंबर. प्रत्येक जण मुदतीच्या शेवटच्या दिवशी हलला तरी सगळं कायद्यात बसतं, आणि बाईच्या वाट्याला पाच महिन्यांहून जास्त थांबणं येतं. हे वेळापत्रक कायद्याचं आणि नियमांचं आहे. ते तक्रारीच्या पोचपावतीबरोबरच तिला लिहून द्यायला काय हरकत असावी? माझ्या मते, ‘काय झालं?’ असं विचारायला येणाऱ्या फेऱ्यांतल्या कितीतरी फेऱ्या एवढ्या एका कागदानं वाचतील.

पुढचे निरोप लिहिताना एक कसोटी पुरते. साक्षीदार उलट बोलला असता, किंवा निकाल उलटा लागणार असता, तरी हेच वाक्य असंच्या असं लिहिता आलं असतं का? आलं असतं तर सांगावं, नाहीतर गाळावं. ‘लेखी उत्तराची मुदत संपली आहे, साक्षी नोंदवण्याचं काम सुरू आहे’ हे वाक्य कसोटीला उतरतं. ‘साक्षी चांगल्या झाल्या’ हे उतरत नाही. ‘काळजी करू नका’ हेही उतरत नाही, कारण तक्रार फेटाळली जाणार असेल तर ते कुणी लिहिणार नाही. ‘आणखी एक साक्षीदार बोलवावा लागला’ हे वाक्य निरुपद्रवी दिसतं, पण आधीच्यांनी पुरेसं सांगितलं नाही, असा अर्थ त्यातून सहज निघतो. आपल्या कारखान्यातला 30 जूनचा निरोप साधारण असा असेल: ‘आपली 2 जूनची तक्रार समितीपुढे आहे. लेखी उत्तराची मुदत संपली असून साक्षी नोंदवण्याचा टप्पा सुरू आहे. आपल्याकडून सध्या कोणताही कागद हवा नाही. आपल्याला त्रास होईल असं कुणी वागलं, तर पीठासीन अधिकाऱ्यांना लगेच कळवावं. यानंतरची माहिती सोमवारी 14 जुलैला देऊ.’

या निरोपात सगळ्यात मोलाचं वाक्य शेवटचं आहे. मजकूर कितीही जपून लिहिला तरी वेळ चुगली करते. समिती एरवी गप्प असते आणि मंगळवारी एका सुपरवायझरला आत बोलावलं की बुधवारी तक्रारदाराला फोन करते, असं दोनदा झालं तर तिसऱ्यांदा फोन आल्यावर कुणाची साक्ष झाली हे तिला कुणी सांगावं लागत नाही. म्हणून निरोप ठरलेल्या वारी जावा, दर पंधरा दिवसांनी, काही घडलं असो वा नसो. तो एकाच व्यक्तीकडून आणि लेखी जावा, त्याची प्रत फाइलला राहावी. समितीतल्या तिघांनी जिन्यात भेटून तीन सुरांत सांगितलं, तर बाई त्या सुरांतला फरकच वाचत बसते. आणि प्रतिवादीलाही त्याच दिवशी, त्याच टप्प्याचा निरोप जावा. एका बाजूलाच माहिती मिळते अशी ओरड मग करता येत नाही.

काही घडलंच नसेल तर? आक्षेप रास्त आहे, कारण हे वारंवार होतं. चौकशीच्या कामकाजाला पीठासीन अधिकाऱ्यासह किमान तीन सदस्य हजर लागतात, आणि तेवढे जमले नाहीत की तारीख पुढे जाते. ‘ठरलेली सुनावणी झाली नाही, नवी तारीख 21 जुलै’ एवढं सांगावं. प्रतिवादीचं ऑपरेशन आहे, की त्याच्या घरी कुणी गेलं, हे तिला सांगायचं कारण नाही. मात्र दोष समितीचा असेल तर ‘समितीच्या अडचणीमुळे’ असं स्पष्ट लिहावं. लांबणीचं खापर न बोलता समोरच्या पक्षावर फुटू देणं हीदेखील गळतीच, शिवाय खोटी.

दुसरा आक्षेप असा की टप्पे सांगत राहिलं की घाईचा दबाव वाढतो. याला आधार आहे. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात 12 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं चौकशी समितीच्या घाईवर बोट ठेवलं. तक्रारी खोट्या आहेत असं न्यायालय म्हणालं नाही. प्रतिवादीला बचावाची पुरती संधी मिळाली नाही, म्हणून 2009 मधली ती चौकशी मे महिन्यात ज्या टप्प्यावर होती तिथूनच पुन्हा करायला सांगण्यात आलं. चौदा वर्षांनी! सगळ्यात मोठा भार कुणावर पडला असेल ते सांगायला नको. पण यातून मी गप्प बसण्याचा धडा काढत नाही. निरोपात पुढच्या निरोपाची तारीख द्यावी, निकालाची देऊ नये. ‘या महिन्यात आटपतो’ असं तोंडून गेलं की समितीला ते निभवायचं असतं, आणि मग प्रतिवादीनं मागितलेली रास्त मुदतवाढही नकोशी होते.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र वेगळाच असतो: ‘त्याच्यावर काही कारवाई केलीत का?’ इथे समित्या एकतर सगळं बोलून जातात किंवा भिंतीसारख्या उभ्या राहतात. तक्रारदारानं लेखी मागणी केली, तर चौकशी चालू असतानाही समिती तात्पुरत्या दिलाशाची शिफारस करू शकते. बदली, तीन महिन्यांपर्यंत रजा, किंवा प्रतिवादीनं तिच्या कामाचा अहवाल लिहू नये अशी मनाई. मागणी तिची आहे, तेव्हा तिचं काय झालं हे तिला कळलंच पाहिजे. फक्त वाक्याचा कर्ता बदलावा. ‘साहेबांचे अधिकार काढून घेतले’ असं न लिहिता ‘यंदाचा आपल्या कामाचा अहवाल दुसरे अधिकारी लिहितील’ असं लिहावं. तिच्या कामाच्या दिवसात काय बदललं ते पूर्ण सांगायचं, त्याच्या नोकरीच्या कागदांत काय नोंद झाली ते नाही. दोन्ही गोष्टी नेहमीच वेगळ्या काढता येत नाहीत, हे मान्य. दहा माणसांच्या खात्यात अहवाल कुणी लिहायचा हे बदललं की त्याचा अर्थ शिपायालाही कळतो. अशा ठिकाणी तिच्या संरक्षणाला महत्त्व द्यावं आणि बाकीच्या खात्याला कारण सांगू नये, एवढंच हाती राहतं.

ती हा निरोप कँटीनमध्ये वाचून दाखवील, ही भीती उरते. वाचू दे, असं मी म्हणेन. कसोटीला उतरलेल्या वाक्यांतून ऐकणाऱ्याला टप्पा आणि तारीख यांपलीकडे काही मिळत नाही. मिळत असेल तर दोष वाचणारीचा नाही, लिहिणाऱ्याचा. गोपनीयता मोडल्याबद्दल नियमांत असलेली पाच हजार रुपयांची वसुलीसुद्धा तक्रार हाताळण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांच्याकडून आहे. तिनं आपलं नाव आपण होऊन सांगितलं तरी समितीनं ते कुठे उच्चारायचं नाही.

अहवाल दिल्यानंतर हा हिशोब बदलतो. शिफारशींविरुद्ध, किंवा त्या अमलात आणल्या नाहीत म्हणून, अपील करायला नव्वद दिवस मिळतात, आणि शिफारशी अमलात आल्या की नाही हेच ठाऊक नसलेली बाई त्या मुदतीचा उपयोग करू शकत नाही. त्या टप्प्यावर तिला कारवाईचा किती तपशील द्यावा लागतो, ते पुढच्या भागात.