मोहर वर्तुळ: एका बिंदूवरच्या प्रतिबलांचा नकाशा

भार पेललेल्या कोणत्याही वस्तूत एक बिंदू घेतला आणि त्यातून एक कल्पित काप दिला, तर कापाच्या एका बाजूचा भाग दुसऱ्या बाजूच्या भागावर बल लावत असतो. दर एकक क्षेत्रफळावर येणाऱ्या या बलाला प्रतिबल म्हणतात; अभियंत्यांच्या रोजच्या बोलण्यात तोच स्ट्रेस. त्याचे दोन भाग पडतात. एक कापाला काटकोनात ओढतो किंवा दाबतो, ते लंब प्रतिबल. दुसरा कापाच्या पृष्ठावरून सरकवू पाहतो, ते कर्तन प्रतिबल. अडचण अशी की बिंदू तोच आणि भारही तोच असला, तरी काप तिरका केला की दोन्ही आकडे बदलतात. वस्तू मात्र कोणत्या दिशेने फाटायचे किंवा सरकायचे हे आपल्या सोयीच्या कापाकडे बघून ठरवत नाही. म्हणून सर्व दिशांमधून सर्वांत मोठी ओढ कोणती आणि सर्वांत मोठे कर्तन कोणते, हे शोधावे लागते.

रस्त्याकडेला एकाच खांबावर उभा केलेला, एका बाजूला लांब हात काढून टांगलेला दिशाफलक पाहा. वाऱ्याचा झोत फलकावर आदळला की खांब वाकतो; फलक एका बाजूला असल्यामुळे खांब पिळलाही जातो. खांबाच्या पायथ्याजवळ, वाऱ्याकडच्या बाजूवर एक बारीक चौकोन आखला आहे असे समजू. वाकण्यामुळे चौकोनाच्या वरच्या-खालच्या आडव्या कडांवर उभ्या दिशेने 80 मेगापास्कलची ओढ आहे, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला 80 न्यूटन, साधारण 8 किलो वजनाइतकी. उभ्या कडांवर लंब प्रतिबल शून्य. पिळामुळे चारही कडांवर 30 मेगापास्कलचे कर्तन आहे. खांबाचे स्वतःचे वजन सोपेपणासाठी सोडून दिले आहे.

आता आलेख काढायचा. आडव्या अक्षावर लंब प्रतिबल: ओढ उजवीकडे, दाब डावीकडे. उभ्या अक्षावर कर्तन. चौकोनाला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवू पाहणारे कर्तन अक्षाच्या वर आणि उलट फिरवू पाहणारे खाली, हा संकेत धरू. आपल्या चौकोनात आडव्या कडांवरचे कर्तन काट्यांच्या उलट दिशेचे आहे असे समजले, तर त्या कडांचा बिंदू (80, −30) येतो आणि उभ्या कडांचा (0, 30). हे दोन बिंदू रेषेने जोडले की रेषा आडव्या अक्षाला 40 वर छेदते. तिथे केंद्र ठेवून दोन्ही बिंदूंतून जाणारे वर्तुळ काढायचे. केंद्रापासून बिंदू 40 आडवा आणि 30 खाली आहे. 40 आणि 30 च्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण 50, म्हणून त्रिज्या 50.

या वर्तुळाचा प्रत्येक बिंदू म्हणजे त्या चौकोनाच्या जागी दिलेला एकेक काप. काप कोणत्याही कोनात तिरका केला, तरी त्यावरचे लंब प्रतिबल σ आणि कर्तन τ हे बलांच्या समतोलातून नेहमी एकाच समीकरणात बसतात:

(σ − 40)² + τ² = 50²

म्हणूनच हे वर्तुळ निघते. कार्ल कुलमन यांनी तुळईतील प्रतिबलांसाठी वर्तुळाचा उपयोग आधी केला होता. जर्मन स्थापत्य अभियंता ओटो मोहर यांनी 1882 मध्ये ही मांडणी सविस्तर विकसित केली आणि पुढे तिला त्रिमितीतही नेले.

वर्तुळ जिथे आडव्या अक्षाला छेदते, तिथे कर्तन शून्य असते. तिथल्या लंब प्रतिबलांना मुख्य प्रतिबले म्हणतात: उजवीकडे 40 + 50 म्हणजे 90, डावीकडे 40 − 50 म्हणजे −10. खांबात 80 पेक्षा मोठी ओढ आहे, आणि जिथे आपण कुठलाही दाब लावला नव्हता तिथे 10 चा दाबही आहे. वर्तुळाचा सर्वांत वरचा किंवा खालचा बिंदू महत्तम कर्तन देतो: त्रिज्येइतके, 50. त्या कापांवर लंब प्रतिबल मात्र शून्य नसते, ते केंद्राइतके, म्हणजे 40 असते.

दिशा काढताना सर्वाधिक गफलत होते. काप 180 अंश फिरवला की तो पुन्हा तोच काप असतो, पण तेवढ्यात वर्तुळाची पूर्ण 360 अंशांची फेरी होते. म्हणून वर्तुळावरचा कोन प्रत्यक्षातल्या कोनाच्या दुप्पट असतो. आपल्या बिंदूपासून उजव्या टोकापर्यंत वर्तुळावर सुमारे 36.9 अंश आहेत, म्हणजे खांबावर निम्मे, 18.4 अंश, आणि तेही त्याच दिशेने, काट्यांच्या उलट. सर्वांत मोठी ओढ उभ्या दिशेत नसून तिच्यापासून इतकी कललेली आहे. महत्तम कर्तनाचे काप तिथून आणखी 45 अंशांवर येतात. कर्तनाचे चिन्ह उलटे घेतले तर वर्तुळ तेच राहते, 90 आणि −10 हेही तेच येतात, पण दिशा 18.4 अंश दुसऱ्या बाजूला जाते. आकडे बरोबर आल्यामुळे ही चूक लवकर कळत नाही. आकड्यांची चूक पकडायला मात्र सोपी तपासणी आहे: मुख्य प्रतिबलांची बेरीज मूळ लंब प्रतिबलांच्या बेरजेइतकी यायला हवी. इथे 90 − 10 आणि 80 + 0, दोन्ही 80.

नुसता पीळ असेल तर वर्तुळाचे केंद्र शून्यावर येते आणि मुख्य प्रतिबले कर्तनाइतकीच, एक ओढ आणि एक दाब, अक्षाशी 45 अंशांवर. खडू दोन्ही टोकांना धरून पिळला की तो सरळ आडवा तुटत नाही. त्याची भेग 45 अंशांनी वळत जाते, कारण खडू ओढीला कच्चा असतो आणि सर्वांत मोठ्या ओढीच्या काटकोनात फाटतो. मऊ पोलादाची कांडी पिळली तर ती आडवी, सपाट तुटते, कारण ती कर्तनाला आधी हार मानते आणि महत्तम कर्तन आडव्या कापावरच असते.

म्हणून खांब मऊ पोलादाचा असेल तर 50 हा आकडा महत्त्वाचा. साध्या पोलादाची ओढीतली नमनमर्यादा 250 मेगापास्कल धरली, तर महत्तम कर्तनाच्या निकषाने त्याला 125 पर्यंतचे कर्तन सोसते. म्हणजे सुरक्षागुणक 2.5. फक्त वाकण्याचे 80 बघितले असते, तर तो 3 च्या वर दिसला असता. वारा सतत झोके देत असल्याने थकव्याचा हिशेब याशिवाय वेगळा करावा लागतो.

एक मर्यादा सहज नजरेआड होते. काढलेले वर्तुळ पृष्ठभागाच्या प्रतलापुरते आहे. बिंदूला तिसरी दिशाही असते. खांबाच्या बाहेरच्या पृष्ठावर लंब प्रतिबल शून्य, म्हणून तिसरे मुख्य प्रतिबल 0. ते 90 आणि −10 यांच्या मधे पडते, त्यामुळे 50 हेच खरे महत्तम कर्तन. दाबाखालच्या पातळ भिंतीच्या नळकांड्या टाकीत तसे नसते. तिथे परिघाच्या दिशेने 80 ओढ असेल तर लांबीच्या दिशेने तिच्या निम्मी, 40 असते. त्या दोन आकड्यांचे वर्तुळ काढले तर त्रिज्या फक्त 20 येते. पण बाहेरच्या पृष्ठाचे तिसरे मुख्य प्रतिबल 0 आहे. 80 आणि 0 यांच्यात मोठे वर्तुळ काढले की त्रिज्या 40 होते. टाकीची भिंत जाडीच्या दिशेने तिरकी सरकू पाहते ती या 40 मुळे. त्यामुळे तिन्ही मुख्य प्रतिबले घेऊन त्यांची तीन वर्तुळे काढायची, आणि महत्तम कर्तन सर्वांत मोठ्या वर्तुळावरून वाचायचे.