‘पैसे भरा’ दोनदा दाबले तर

ऑनलाइन दुकानात एकाच खरेदीचे पैसे दोनदा कापले जातात, तेव्हा पहिल्या खेपेला बहुधा काहीच बिघडलेले नसते. मागणी दुकानाच्या सर्व्हरपर्यंत पोचलेली असते, बँकेने रक्कम वळती केलेली असते, ऑर्डरही नोंदलेली असते. हरवलेले असते ते फक्त उत्तर. फोनवर चक्र फिरत राहते, ठरलेली मुदत संपते आणि ॲप तीच मागणी पुन्हा पाठवते, किंवा वाट पाहून कंटाळलेला ग्राहक स्वतःच पुन्हा बटण दाबतो. सर्व्हरच्या लेखी ती दुसरी खरेदी ठरते.

मुंबईहून पुण्याला निघालेली एक ग्राहक गाडीत बसून १,८५० रुपयांची साडी मागवते आहे, असे समजा. कर्जत मागे पडले आहे आणि गाडी बोरघाटातल्या बोगद्यांकडे निघाली आहे. ११ वाजून ४ मिनिटे १० सेकंदांनी मागणी फोनमधून सुटते. तीन सेकंदांनी बँकेचा होकार येतो आणि सर्व्हर ‘ऑर्डर झाली’ असे उत्तर पाठवतो, पण तोवर गाडी बोगद्यात शिरलेली असते. ॲपची मुदत ३० सेकंदांची आहे. ११:०४:४० ला फोनजवळ काहीच उत्तर नसते.

या क्षणी फोनच्या दृष्टीने तीन शक्यता आहेत. मागणी पोचलीच नसेल, पोचून काम अर्ध्यात अडकले असेल, किंवा काम पूर्ण होऊन उत्तर वाटेत हरवले असेल. तिन्ही वेळा फोनला दिसते ते एकच, म्हणजे शांतता. मागणी पुन्हा पाठवली नाही तर पहिल्या शक्यतेत साडी येणार नाही. पाठवली तर तिसऱ्या शक्यतेत ३,७०० रुपये जातील. फोनने कितीही विचार केला तरी हा पेच त्याच्या बाजूने सुटत नाही. म्हणून उपाय सर्व्हरच्या बाजूने करावा लागतो: तीच मागणी कितीही वेळा आली तरी परिणाम एकदाच झाला पाहिजे.

या गुणाला ‘आयडेम्पोटंट’ असणे म्हणतात. हा शब्द अमेरिकी गणिती बेंजामिन पर्स यांनी १८७० मध्ये बीजगणितात आणला. ज्या राशीचा स्वतःशीच गुणाकार केला तरी ती तीच राहते, अशा राशीसाठी तो होता. संगणकाच्या व्यवहारात त्याचा अर्थ सोपा आहे. ‘पत्ता बदलून दादर कर’ ही आज्ञा दहा वेळा दिली तरी पत्ता दादरच राहतो. ‘खात्यातून १,८५० वजा कर’ ही आज्ञा मात्र दर वेळी नवे १,८५० नेते. पहिली आज्ञा मुळातच आयडेम्पोटंट आहे, दुसरी तशी करून घ्यावी लागते. वेबच्या नियमांतही हाच भेद आहे. PUT आणि DELETE या प्रकारच्या मागण्या आयडेम्पोटंट असणे अपेक्षित असते, POST बद्दल तशी हमी नसते. आणि नवी ऑर्डर किंवा नवा भरणा बहुधा POST नेच जातो.

सुचायला सोपे असे दोन उपाय येथे अपुरे पडतात. एक म्हणजे दाबताच बटण बंद करणे. ते करावेच, पण ॲप आपणहून मागणी पुन्हा पाठवते किंवा ग्राहक ॲप बंद करून पुन्हा उघडतो, तेव्हा बंद बटणाचा उपयोग नसतो. दुसरा उपाय म्हणजे तोच ग्राहक, तीच रक्कम आणि दोन मिनिटांच्या आतला व्यवहार दिसला की सर्व्हरने तो दुबार समजून गाळणे. हा जास्त धोक्याचा आहे. चहाच्या टपरीवर एकाने स्वतःच्या चहाचे २० रुपये दिले, तेवढ्यात मित्र आला म्हणून त्याच्या चहाचे आणखी २० दिले, तर ते दोन्ही भरणे खरे आहेत. व्यवहार दुबार आहे की नाही हे रकमेवरून आणि वेळेवरून ओळखता येत नाही. ते ठरते ग्राहकाच्या मनातल्या हेतूवरून, आणि तो हेतू मागणीवर लिहून पाठवल्याशिवाय सर्व्हरला कळत नाही.

तो लिहिण्याची रीत म्हणजे प्रत्येक हेतूला एक क्रमांक देणे. याला ‘आयडेम्पोटन्सी की’ म्हणतात. अनेक पेमेंट सेवा तो मागणीच्या मथळ्यात असा स्वीकारतात:

```
POST /orders
Idempotency-Key: 7c1e4b52-9a0d-4f6e-8b33-2d5f0a91c6e4
```

क्रमांक इतका लांब आणि यादृच्छिक असतो की दोन वेगळ्या ग्राहकांचे क्रमांक योगायोगाने जुळण्याची भीती बाळगावी लागत नाही. महत्त्वाचे आहे ते तो केव्हा तयार होतो हे. प्रोग्रॅममध्ये ‘मागणी पाठव’ या कामाच्या आतच क्रमांक बनवला, तर प्रत्येक पुनर्प्रयत्नाला नवा क्रमांक मिळतो आणि सगळी व्यवस्था असूनही पैसे दोनदा कापले जातात. ही चूक वाचताना सहज नजरेआड होते, कारण मथळा जागेवर असतो आणि चांगल्या नेटवर्कवर सगळे सुरळीत चालते. क्रमांक पहिल्या प्रयत्नाच्या आधी, ग्राहक शेवटच्या पानावर येतो तेव्हाच बनला पाहिजे आणि फोनमध्ये टोपलीबरोबर साठवला गेला पाहिजे. म्हणजे ॲप बंद पडून पुन्हा उघडले तरी घाटातली ती ग्राहक जुनाच क्रमांक घेऊन परत येते.

सर्व्हरवरचे काम एका नोंदवहीसारखे आहे. मागणी आली की पैशांना हात लावण्याआधी क्रमांकाची नोंद करायची. येथेही एक सापळा आहे. ‘हा क्रमांक वहीत आहे का ते पाहा, नसेल तर लिहा’ अशी दोन पावले टाकली, तर एकाच वेळी आलेल्या दोन मागण्या दोघीही आधी पाहतात, दोघींनाही क्रमांक दिसत नाही आणि दोघीही पुढे जातात. म्हणून पाहणे आणि लिहिणे ही एकच कृती हवी. डेटाबेसला ‘एका ग्राहकाचा एक क्रमांक एकदाच’ असे बंधन घातले की पोस्टग्रेसमध्ये ती अशी लिहिता येते:

```sql
INSERT INTO payment_requests
  (customer_id, idem_key, request_hash, status)
VALUES ($1, $2, $3, 'started')
ON CONFLICT DO NOTHING;
```

एक ओळ लिहिली गेली, तर मागणी पहिलीच आहे आणि काम सुरू करायचे. शून्य ओळी लिहिल्या गेल्या, तर हा क्रमांक आधी येऊन गेला आहे. मग जुनी नोंद वाचायची. काम पूर्ण झालेले असेल, तर तेव्हाचे उत्तर जसेच्या तसे परत द्यायचे. बोगद्याबाहेर आलेल्या फोनला ‘ऑर्डर झाली’ हेच उत्तर मिळते, तोच ऑर्डर क्रमांक मिळतो आणि बँकेकडे दुसरी मागणी जातच नाही. पहिले काम अजून चालू असेल, तर ‘थोडे थांबा’ असे सांगायचे. त्यासाठी 409 हा संकेत वापरण्याची पद्धत आहे.

नोंदीतला `request_hash` हा मागणीच्या मजकुराचा छोटा ठसा. तोच क्रमांक घेऊन १,८५० ऐवजी २,४०० रुपयांची मागणी आली, तर ती पुनरावृत्ती नाही, कुठेतरी चूक आहे. अशी मागणी परत पाठवलेली बरी. जुने उत्तर दिले, तर नवी खरेदी न होताच झाल्यासारखी दिसेल.

खरी कठीण जागा मधल्या अवस्थेत आहे. सर्व्हरने नोंद ‘started’ केली, पेमेंट कंपनीला पैसे कापायला सांगितले आणि उत्तर नोंदवण्याआधी तोच बंद पडला. दुकानाचा डेटाबेस आणि पेमेंट कंपनीचा डेटाबेस वेगळे असतात, त्यामुळे दोन्हीकडच्या नोंदी एकदमच होतील किंवा एकदमच रद्द होतील अशी सोय येथे नाही. परत सुरू झालेल्या सर्व्हरची अवस्था आता बोगद्यातल्या फोनसारखीच असते: पैसे कापले गेले की नाही हे त्याला माहीत नाही. नोंद पुसून नव्याने सुरुवात केली तर दुबार कपात होऊ शकते, आणि नोंद तशीच ठेवून गप्प बसले तर ऑर्डर कायमची लटकते. त्यामुळे दुकानाच्या सर्व्हरनेही पेमेंट कंपनीला स्वतःचा ठरलेला क्रमांक द्यायचा, तो बाहेर मागणी जाण्याआधीच नोंदवून ठेवायचा आणि शंका आली की त्याच क्रमांकाने पुन्हा विचारायचे. पुढची कंपनी असा क्रमांक पाळत नसेल, तर आधी व्यवहाराची स्थिती विचारायची आणि स्पष्ट उत्तर येईपर्यंत ग्राहकाला ‘प्रलंबित’ असे दाखवायचे. न कळलेल्या व्यवहाराला ‘अयशस्वी’ म्हणणे ही यातली सर्वांत महागडी चूक. तो शब्द दिसला की ग्राहक नव्या हेतूने, म्हणजे नव्या क्रमांकाने, पुन्हा पैसे भरतो.

स्ट्राइप या पेमेंट कंपनीचे नियम या बाबतीत पाहण्यासारखे आहेत. काम सुरू झाल्यानंतरचे पहिले उत्तर ती जपून ठेवते आणि त्याच क्रमांकाला पुन्हा तेच देते, मग ते उत्तर यशाचे असो वा चुकीचे. मजकूर बदललेला आढळला तर चूक कळवते. मागणी आधीच्या तपासणीतच नापास झाली, म्हणजे काम सुरूच झाले नाही, तर उत्तर साठवले जात नाही. यातून एक बारकावा निघतो. कार्डात शिल्लक नाही म्हणून भरणा नाकारला गेला, आणि ग्राहकाने पैसे टाकून पुन्हा प्रयत्न केला, तर जुन्या क्रमांकाला जुनाच नकार मिळेल. स्पष्ट नकारानंतरचा प्रयत्न हा नवा हेतू असतो आणि त्याला नवा क्रमांक लागतो. शांततेनंतरच्या प्रयत्नाला मात्र जुनाच.

क्रमांक कायमचे साठवले जात नाहीत. स्ट्राइपचे दीर्घकाळचे नियम ते किमान २४ तासांनंतर काढून टाकण्याची मुभा ठेवतात. त्यानंतर तोच क्रमांक आला तर तो नवा मानला जातो. दोन दिवस बंद असलेला फोन चालू होऊन अडकलेली मागणी पाठवू शकतो, म्हणून दुकानाने स्वतःच्या ऑर्डरवर वेगळे आणि न संपणारे बंधन ठेवावे: एका ऑर्डरला यशस्वी भरणा एकच.

भारतात रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने अयशस्वी व्यवहारांत अडकलेली रक्कम परत करण्याच्या मुदती ठरवल्या. यूपीआयवर दुकानदाराला पैसे कापल्याची खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यावी लागते, आणि उशीर झाल्यास रोज १०० रुपये भरपाई आहे. पण दुबार भरण्यात दोन्ही व्यवहार यशस्वी असतात. बँकेच्या दृष्टीने तेथे काही अडकलेलेच नसते, त्यामुळे दुसरी रक्कम दुकानाने शोधून परत करावी लागते.

ती शोधण्यासाठी पेमेंट कंपनीचा रोजचा हिशेब आणि दुकानाच्या ऑर्डर शेजारी ठेवून जुळवतात. एका ऑर्डरसमोर दोन यशस्वी भरणे, किंवा ऑर्डर नसलेला भरणा, ही खूण. व्यवस्था नीट बसली आहे का, हे मात्र त्याआधीच तपासता येते. चाचणीसाठीच्या सर्व्हरवर एकाच क्रमांकाच्या वीस मागण्या एकदम सोडायच्या. मग पैसे कापण्याची आज्ञा गेल्यावर आणि उत्तर नोंदण्याआधी सर्व्हर मुद्दाम बंद करायचा, पुन्हा चालू करायचा आणि तीच मागणी परत पाठवायची. दोन्ही वेळा दुकानाची वही बाजूला ठेवून पेमेंट कंपनीच्या चाचणी खात्यातल्या नोंदी मोजायच्या. १,८५० रुपयांची नोंद प्रत्येक वेळी एकच निघाली पाहिजे.