अर्धवेळ नोकरी आणि शेवटची पाच वर्षे

पंचावन्नच्या आसपास अनेकांना नोकरी सोडायची नसते, पण रोजचे आठ-नऊ तास झेपेनासे होतात. घरात कोणाचे तरी आजारपण असते, स्वतःच्या गुडघ्यांची तक्रार सुरू झालेली असते. कंपनीलाही हाताखाली तयार झालेला माणूस एकदम गमवायचा नसतो. मग दोन्ही बाजूंच्या संमतीने ठरते, की निम्मा वेळ काम आणि निम्मा पगार. हातात येणारे पैसे किती कमी होतील, याचा हिशेब सगळेच करतात. या निर्णयाने पुढे आयुष्यभर मिळणाऱ्या पेन्शनचे काय होईल, हे मात्र फार थोडे जण तपासतात आणि नुकसान तिथेच होते.

खासगी क्षेत्रातल्या बहुसंख्य नोकरदारांचे पेन्शन १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतून, म्हणजे ‘ईपीएस-९५’मधून येते. पीएफपोटी मालक जी रक्कम भरतो, तिच्यातला पगाराच्या ८.३३ टक्के एवढा हिस्सा या योजनेत जातो. इथे पगार म्हणजे बेसिक आणि महागाई भत्ता. १ सप्टेंबर २०१४ पासून यासाठी कमाल पगार १५,००० रुपये धरला जातो. बेसिक कितीही असले तरी पेन्शन खात्यात महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपयेच जातात.

पेन्शन काढण्याचे सूत्र साधे आहे. सरासरी पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. सरासरी पगार म्हणजे योजनेतून बाहेर पडण्याआधीच्या ६० महिन्यांची सरासरी. २०१४ पूर्वी ती शेवटच्या १२ महिन्यांची असे. निवृत्तीआधी लोक अर्धवेळ काम करतात ते नेमके याच पाच वर्षांत, म्हणून सगळा प्रश्न या सरासरीभोवती फिरतो.

सुनंदाताईंचा हिशेब

समजा, नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुनंदाताई हिशेब विभागात आहेत. मुले मोठी झाल्यावर, २०१५ च्या जूनमध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्या १२,००० रुपये बेसिकवर लागल्या. २०२५ मध्ये त्यांना पंचावन्न पूर्ण झाली, तेव्हा बेसिक आणि डीए मिळून १८,००० आणि इतर भत्ते १२,००० असा त्यांचा एकूण पगार ३०,००० होता. तेव्हापासून अठ्ठावन्न पूर्ण होईपर्यंतची तीन वर्षे अर्धवेळ काम करायचे त्यांनी ठरवले. एचआरने पगाराचा प्रत्येक आकडा निम्मा केला आणि बेसिक ९,००० वर आले.

त्या पूर्णवेळ राहिल्या असत्या, तर सरासरी पगार कमाल मर्यादेइतका, म्हणजे १५,००० धरला गेला असता. तेरा वर्षांच्या नोकरीवर पेन्शन महिना २,७८६ रुपये बसले असते.

अर्धवेळ कामामुळे शेवटच्या ६० महिन्यांपैकी २४ महिने १५,००० चे आणि ३६ महिने ९,००० चे झाले. सरासरी ११,४०० वर उतरली. अर्धवेळ असली तरी नोकरीची वर्षे तेराच मोजली जातात, कारण ही योजना रोजचे तास पाहत नाही. पेन्शन आले २,११७ रुपये.

आता तिसरी शक्यता पाहा. पंचावन्नला, दहा वर्षे पूर्ण होताच, त्यांनी नोकरी सोडली असती आणि अठ्ठावन्नला पेन्शन मागितले असते, तर सरासरी १५,००० च राहिली असती. दहा वर्षांचे पेन्शन झाले असते २,१४३ रुपये.

म्हणजे तीन वर्षे जास्त काम केले, त्या काळात पेन्शन खात्यात आणखी २७,००० रुपये जमा झाले, आणि पेन्शन घरी बसलेल्या माणसापेक्षा कमी मिळाले. पूर्णवेळच्या तुलनेत महिन्याला ६६९ रुपयांचा फरक कोणाला किरकोळ वाटेल. पण अडीच-तीन हजारांच्या पेन्शनमध्ये तो जवळपास पाव हिस्सा आहे. या पेन्शनला महागाई भत्ता जोडलेला नाही, त्यामुळे एकदा ठरलेली रक्कम आपोआप वाढत नाही. पेन्शनधारकाच्या मागे जोडीदाराला त्याच रकमेच्या निम्मे मिळते, तेव्हा ही घट पुढच्या माणसापर्यंतही पोहोचते.

ग्रॅच्युइटीला बसणारा फटका मोठा

ग्रॅच्युइटीत तर पाच वर्षांची सरासरीही नाही. तिथे शेवटचा पगार धरतात. त्याला १५ ने गुणून २६ ने भागायचे आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचे. सुनंदाताई १८,००० वर निवृत्त झाल्या असत्या, तर तेरा वर्षांचे १,३५,००० रुपये मिळाले असते. ९,००० वर निवृत्त झाल्या तर ६७,५०० मिळतील. पूर्णवेळ केलेल्या दहा वर्षांचे मोलही शेवटच्या निम्म्या पगाराने ठरते. पंचावन्नला सोडताना मात्र त्यांच्या हाती १,०३,८४६ रुपये आले असते. अपंगत्वामुळे कमी पगारावर काम करावे लागले, तर आधीची वर्षे आधीच्या पगाराने आणि नंतरची नंतरच्या पगाराने मोजायची, अशी तरतूद ग्रॅच्युइटीच्या कायद्यात केलेली आहे. स्वतःहून अर्धवेळ घेणाऱ्याला ते संरक्षण आपोआप मिळत नाही. मात्र कायद्यापेक्षा चांगल्या अटी मालकाने मान्य करायला आडकाठी नाही. म्हणून पूर्णवेळच्या वर्षांची ग्रॅच्युइटी पूर्ण पगारावर धरली जाईल, हे अर्धवेळच्या पत्रातच लिहून घ्यावे.

पगार कसा कमी होतो, यावर सगळे अवलंबून

बेसिक १५,००० च्या खाली गेले, तरच नेहमीच्या मर्यादेतले पेन्शन घटते. ज्याचे बेसिक ४०,००० चे २०,००० झाले, त्याच्या ईपीएस पेन्शनला धक्का लागत नाही. त्याच्या पीएफमध्ये पडणारी नवी भर कमी होऊ शकते, पण आधीची शिल्लक आणि तिच्यावरचे व्याज सुरक्षित असते. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२२ च्या निकालानंतर ज्यांना प्रत्यक्ष पगारावर जादा पेन्शन मंजूर झाले, त्यांनी मात्र फार जपावे. त्यांच्या सरासरीला १५,००० ची मर्यादा नाही, त्यामुळे पगारातली प्रत्येक घट सरळ पेन्शनमध्ये उतरते.

सुनंदाताईंसारख्यांना इथेच वाट सापडते. निम्म्या वेळेचा एकूण पगार १५,००० ठरला आहे ना, मग तो सगळाच बेसिक आणि डीए म्हणून दाखवता येतो. भत्ते शून्य झाले, तरी एकूण पगार तेवढाच राहतो. मग पेन्शनची सरासरी १५,००० वर टिकते आणि पूर्ण २,७८६ रुपये मिळतात. ग्रॅच्युइटीही ६७,५०० ऐवजी १,१२,५०० होते. याची किंमत एवढीच, की पीएफची कपात १,०८० ऐवजी १,८०० होईल आणि हातात महिन्याला ७२० रुपये कमी येतील. ते पैसे आपल्याच खात्यात साठतात. मालकालाही तेवढेच जादा भरावे लागतात आणि ग्रॅच्युइटीचा बोजाही वाढतो, म्हणून ही मागणी करार होण्याआधी करायची असते.

दुसरा प्रकार आठवड्यातले काही दिवस बिनपगारी ठेवण्याचा. तिथे महिन्याचा पगार ठरवून कमी केलेला नसतो. दर पूर्वीचाच राहतो आणि न भरलेले दिवस मालक पीएफच्या मासिक विवरणात ‘एनसीपी’ म्हणजे बिनवर्गणीचे दिवस म्हणून दाखवतो. अशा वेळी एकूण पगाराला पगारी दिवसांनी भागून ३० ने गुणतात, त्यामुळे सरासरी टिकते, पण बिनपगारी दिवस नोकरीतून वजा होतात. तीन वर्षे निम्मे दिवस बिनपगारी गेले, तर तेराची साडेअकरा वर्षे उरतात. सहा महिने किंवा अधिक असतील तर पूर्ण वर्ष धरतात, म्हणून बारा वर्षांचे २,५७१ रुपये मिळतील. थोड्या दिवसांनी हुकले, तर अकरा वर्षांचे २,३५७. दोन्ही रकमा २,११७ पेक्षा जास्तच आहेत. मात्र ज्यांची नोकरी दहा वर्षांच्या काठावर आहे, त्यांनी या वाटेने जाऊ नये, कारण दहा वर्षे भरली नाहीत तर मासिक पेन्शनच मिळत नाही. वीस वर्षे भरणाऱ्याला दोन वर्षे वाढवून मिळतात, तीही बिनपगारी दिवसांमुळे निसटू शकतात. आणि करार एक, विवरण दुसरेच, असे चालत नाही. जे खरोखर ठरले तेच नोंदवले जायला हवे.

अठ्ठावन्नची रेषा

अर्धे काम आणि सोबत पेन्शन, अशी सोय अठ्ठावन्नच्या आधी या योजनेत नाही. पन्नाशीनंतर लवकर पेन्शन घेता येते, पण त्यासाठी नोकरी सोडावी लागते आणि अठ्ठावन्नला जितकी वर्षे कमी, तितके चार-चार टक्के कापले जातात. अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर मात्र चित्र पालटते. नोकरी चालू असली, तरी पेन्शन योजनेतले सभासदत्व संपते, सरासरी तिथेच थांबते आणि पेन्शन सुरू करता येते. त्यानंतर बेसिक कितीही उतरले, तरी पेन्शन हलत नाही. ज्यांना अर्धवेळ काम थोडे पुढे ढकलणे शक्य आहे, त्यांनी ते अठ्ठावन्ननंतर सुरू करावे. पेन्शन साठपर्यंत लांबवून दरवर्षी चार टक्के वाढ घेताना वर्गणीही चालू ठेवली, तर ती दोन वर्षे सरासरीत येतात. तेव्हा पगार निम्मा असेल, तर वाढीचा लाभ घटीतच जिरू शकतो.

आपला पगार कुठल्या बाजूला आहे, हे पीएफच्या पासबुकात दर महिन्याला दिसते. पेन्शन वर्गणीच्या रकान्यात १,२५० असतील, तर सरासरी सुरक्षित आहे. सुनंदाताईंच्या पासबुकात अर्धवेळच्या पहिल्याच महिन्यात तिथे ७५० उमटले असते. त्याच महिन्यात एचआरशी बोलले, तर पुढचे महिने सावरता येतात. तीन वर्षांनी फॉर्म १०-डी भरताना हे लक्षात आले, तर हाती काही उरत नाही.

नियमातला दोष दूर करणे अवघड नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारी नोकरांच्या पेन्शनमध्ये अर्धवेळ काळासाठीही पूर्णवेळच्या दराने सरासरी काढतात आणि कमी तासांचा परिणाम फक्त त्या काळापुरता करतात. त्या पद्धतीने सुनंदाताईंना साडेअकरा वर्षांचे २,४६४ रुपये मिळाले असते. जास्त काम करणाऱ्याचे पेन्शन आधी सोडून गेलेल्यापेक्षा कमी होणे हा अन्याय आहे आणि कामगार संघटनांनी तो पेन्शनच्या मागण्यांमध्ये ठळकपणे मांडायला हवा. तोवर अर्धवेळच्या पत्रावर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: नवे बेसिक आणि डीए किती, कमी झालेले काम पगारात दिसणार की दिवसांत, आणि आधीच्या वर्षांची ग्रॅच्युइटी कुठल्या पगारावर.