घडीखाली गेलेला अंक

पिंपरी, भोसरी, चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यातील शिक्षकांना आता मुलांच्या शंका पुष्कळदा फोटोतून येतात. पुस्तकाचे पान मोबाइलवर टिपायचे आणि सरांना किंवा बाईंना पाठवून द्यायचे. घरात मोबाइल एकच असला आणि तो वडिलांबरोबर दुसऱ्या पाळीला गेला, की फोटो पुन्हा काढून मागवता येत नाही. आलेल्या फोटोवरच काम भागवावे लागते. आणि फोटो तरी कसा, तर पानाला मधोमध घडी, एका बाजूला ट्यूबलाइटची चकाकी आणि नेमका हवा तो आकडा पुसट!

असे एक पान आपण डोळ्यांसमोर आणू या. त्यावर दोन उदाहरणे आहेत. न दिसणाऱ्या अंकाच्या जागी आपण चौकट काढू.

पहिले उदाहरण : तीन क्रमागत सम संख्यांची बेरीज ८▢ आहे, तर त्या संख्या काढा.

दुसरे उदाहरण : एका दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज ११ आहे. अंकांची अदलाबदल करून मिळणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २▢ ने जास्त आहे, तर मूळ संख्या काढा.

घडीखाली गेलेले दोन्ही अंक पुस्तक न उघडता सांगता येतात. शब्दांचे समीकरण नीट मांडले, तर समीकरणच ते सांगते. मात्र ‘नीट मांडणे’ म्हणजे काय, हे आधी पाहायला हवे.

पहिल्या उदाहरणात बहुतेक मुले x, x + २, x + ४ अशा संख्या घेतात. काही जण ‘क्रमागत’ म्हटल्याबरोबर x, x + १, x + २ लिहितात, पण ती चूक लगेच दाखवून देता येते. खरी गंमत x, x + २, x + ४ मध्ये आहे. ही मांडणी बरोबर आहे, पण अपुरी आहे. समजा, एखाद्याने पुसट आकडा ८१ असा वाचला. समीकरण होईल :

३x + ६ = ८१

म्हणजे x = २५, आणि संख्या २५, २७, २९. बेरीज ८१ बरोबर येते. समीकरणाची काही तक्रार नाही. पण संख्या विषम आहेत! वाक्यातला ‘सम’ हा शब्द समीकरणात कुठेच उतरला नव्हता. सम संख्यांमध्ये दोनचा फरक असतो तसा विषम संख्यांमध्येही असतो, आणि आपण फक्त फरकच लिहिला. उरलेली अट मुलाने मनात ठेवायची आणि शेवटी पडताळा घेताना आठवायची, असा तो व्यवहार झाला. शेवटी ती आठवत नाही, हे उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना सांगायला नको.

म्हणून ‘सम’ हा शब्दच अक्षरात उतरवू या. सम संख्या म्हणजे एखाद्या पूर्णांकाची दुप्पट. संख्या २m, २m + २, २m + ४ अशा घेतल्या, तर त्यांची बेरीज ६m + ६, म्हणजे ६(m + १) होते. आता बेरीज ६ ने भागली गेलीच पाहिजे. ऐंशी ते एकोणनव्वद यांमध्ये ६ ने भागली जाणारी संख्या एकच आहे, ती ८४. घडीखालचा अंक ४ आहे. मग m + १ = १४, म्हणून m = १३, आणि संख्या २६, २८, ३०.

हाच प्रयोग ‘सम’ हा शब्दच फोटोत कापला गेला असे समजून करून पाहावा. नुसत्या तीन क्रमागत पूर्णांकांची बेरीज मधल्या संख्येची तिप्पट असते. त्यामुळे ८१, ८४ आणि ८७ या तिन्ही बेरजा शक्य होतात आणि अंक ठरवता येत नाही. ‘सम’च्या जागी ‘विषम’ असते, तर ८१ आणि ८७ अशा दोन शक्यता उरल्या असत्या. एका शब्दाने किती काम केले, हे मुलांना असे मोजून दाखवता येते.

आता दुसरे उदाहरण. येथे अडखळायच्या जागा अधिक आहेत, आणि त्यांपैकी एक तर आपल्या भाषेतच आहे.

दशकस्थानचा अंक x आणि एककस्थानचा अंक y मानू. मग संख्या काय? वर्गात विचारले, तर हमखास उत्तर येते ‘xy’. मुलांचे फारसे चुकत नाही. ४ शेजारी ७ लिहिले की ४७ होतात, हे त्यांना पहिलीपासून शिकवले आहे. पण बीजगणितात दोन अक्षरे शेजारी लिहिली की गुणाकार होतो. शेजारी लिहिण्याचे हे दोन अर्थ आहेत, असे आपण स्वच्छपणे सांगतच नाही. अशा मुलाला न टोकता पुढे जाऊ द्यावे. तो लिहील : yx = xy + २७. गुणाकारात क्रम बदलला तरी फरक पडत नाही, तेव्हा दोन्ही बाजूंचे xy जातील आणि उरेल ० = २७. चूक कोठे झाली, हे त्याला तेथून मागे जाऊन शोधू द्यावे. संख्या १०x + y आणि अदलाबदल केलेली संख्या १०y + x, हे मग त्याला सांगावे लागत नाही.

दुसरी अडचण कानाची आहे. सत्तेचाळीस हा शब्द ऐकताना आधी सात ऐकू येतो आणि मग चाळीस, पण लिहिताना आधी चार लिहायचे असतात. चौऱ्याहत्तरमध्ये आधी चार ऐकू येतो आणि लिहायचा मात्र सात. हिंदीतही असेच आहे. कन्नड आणि तेलुगूमध्ये मात्र आधी दशक बोलतात. चाकणच्या कारखान्यात यंत्र बसवायला आलेला जर्मन तंत्रज्ञ मात्र आपल्यासारखाच, आधी ‘सात’ आणि मग ‘चाळीस’ म्हणणारा! याच कारणाने २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तेचाळीसबरोबर ‘चाळीस सात’ अशीही वाचनाची रीत दिली गेली, आणि तिच्यावर राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी तेव्हा त्या रीतीमागची भूमिका मांडली होती. वादात कोणाची बाजू घ्यायची ते घ्यावे, पण उदाहरण फोनवर तोंडी सांगितले तर ४७ चे ७४ होऊ शकतात, एवढे खरे. त्यामुळे ‘पहिला अंक x’ असे कधीच लिहू देऊ नये. पहिला म्हणजे बोलण्यातला की लिहिण्यातला? ‘दशकस्थानचा अंक x’ असेच लिहावे.

तिसरी अडचण ‘पेक्षा’ या शब्दाची. ‘अदलाबदल करून मिळणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ ने जास्त आहे’ या वाक्यात ‘जास्त’ हा शब्द दिसताच मुले वाक्यात आधी आलेल्या संख्येत २७ मिळवून मोकळी होतात. मग अदलाबदल केलेली संख्या अधिक २७ बरोबर मूळ संख्या, असे उलटे समीकरण तयार होते आणि उत्तर ७४ येते. येथे मराठी वाक्यरचनाच मदतीला येते. ‘पेक्षा’ ज्या शब्दाला चिकटला असेल, त्याच्यातच मिळवायचे किंवा त्याच्यातूनच वजा करायचे. दुसरी संख्या एकटीच समीकरणाच्या पलीकडच्या बाजूला ठेवायची. ‘पेक्षा’ मूळ संख्येला चिकटला आहे, म्हणून

१०y + x = (१०x + y) + २७

वाक्य लांबले तरी रीत तीच राहते. ‘अदलाबदल करून मिळणारी संख्या मूळ संख्येच्या दुपटीपेक्षा २० ने कमी आहे’ असे असेल, तर ‘पेक्षा’ दुपटीला चिकटला आहे. म्हणून आधी २(१०x + y) लिहावे आणि त्यातून २० वजा करावेत. ४७ घेऊन पाहा : दुप्पट ९४, त्यातून २० गेले, उरले ७४.

पण आपण २७ कोठून आणले? पानावर तर २▢ एवढेच दिसत होते. समीकरणाकडे पुन्हा पाहू. अदलाबदल केलेल्या संख्येतून मूळ संख्या वजा केली, की (१०y + x) – (१०x + y) = ९(y – x) उरते. म्हणजे हा फरक नेहमी ९ च्या पटीत असतो, आणि वीस ते एकोणतीस यांमध्ये ९ ची पट २७ हीच आहे. म्हणून y – x = ३. अंकांची बेरीज ११ दिलेलीच आहे. दोन्ही समीकरणे मिळवली, की २y = १४, म्हणून y = ७ आणि x = ४. संख्या ४७.

येथे एक उपयुक्त खूण हाती लागते. एखादा मुलगा ‘y – x चे उत्तर अपूर्णांकात येते’ म्हणाला, तर त्याचे गणित तपासण्याआधी फोटो तपासावा. आकडा २१ किंवा २९ वाचला गेला असेल, तर मुलाची रीत बरोबर असूनही उत्तर येणार नाही. उलट, २७ स्पष्ट दिसत असून अंकांची बेरीज १▢ अशी पुसली गेली असती, तर मात्र आपण अडलो असतो. दोन अंकांमधला फरक ३, म्हणजे विषम, असेल तर त्यांची बेरीजही विषम असते, म्हणून ११, १३, १५ आणि १७ यांचाच विचार करायचा. १७ साठी एक अंक १० घ्यावा लागतो, म्हणून ती बाद होते. बाकीच्या तिन्हींची उत्तरे ४७, ५८, ६९ निर्दोष आहेत. अशा वेळी फोटो पुन्हा मागवण्याला पर्याय नाही.

नवाच्या पटीची ही खूण हिशेबनिसांच्या कामाची आहे. एखाद्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये बिन कार्डावर १,४७० नग आहेत आणि रजिस्टरात १,७४० आहेत, असे समजा. फरक २७०. याला ९० ने भाग जातो आणि ३ येतात. तेव्हा शतक आणि दशकस्थानांचे, एकमेकांत ३ चा फरक असलेले अंक उलटसुलट लिहिले गेले असावेत, असा संशय घ्यायला जागा आहे. ‘संशय’च म्हणायचे, कारण अंक उलटले की फरक ९ च्या पटीत येतो, पण फरक ९ च्या पटीत आला म्हणून अंक उलटलेच असतील असे नाही. ४७ आणि ५६ यांच्यातही ९ चाच फरक आहे.

तीन अंकी संख्येलाही हे लावून पाहता येते. शतकस्थानी x, दशकस्थानी y आणि एककस्थानी z असेल, तर संख्या १००x + १०y + z, आणि उलट क्रमाने लिहिलेली १००z + १०y + x. वजाबाकीत १०y दोन्हीकडून जातात आणि ९९(x – z) उरतात. म्हणजे फरक पुसट असेल, तर ९९ ची पट शोधून तो बहुधा भरून काढता येईल. पण घडी मूळ संख्येच्या मधल्या अंकावरून गेली असेल, तर हा फरक काहीच सांगू शकणार नाही. ४०७ चे ७०४ केले तरी फरक २९७, आणि ४५७ चे ७५४ केले तरी २९७ च.