येन घसरला तो नोटांमुळे की परताव्याच्या शोधामुळे?

आपल्या यंत्रमाग व कापड व्यवसायातील ज्या बंधूंनी जपानी एअरजेट मागाची चौकशी केली असेल, त्यांना येनच्या भावाचे महत्त्व सांगायला नको. नोव्हेंबर २०१२ मध्ये एका डॉलरला सुमारे ८० येन मिळत. डिसेंबर २०१४ मध्ये १२० च्या आसपास मिळू लागले. समजा, एखाद्या यंत्राची किंमत एक कोटी येन आहे. पहिल्या भावाने ती १ लाख २५ हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या ५५ रुपयांच्या दराने ६८ लाख ७५ हजार रुपये होते. दुसऱ्या भावाने सुमारे ८३ हजार ३०० डॉलर, म्हणजे रुपया ६३ पर्यंत उतरलेला असूनही सुमारे साडेबावन्न लाख रुपये. कारखानदाराने किंमत एका येननेही कमी केलेली नसताना हे घडले कसे?

बाजारात याचे उत्तर मिळते, "जपानने नोटा छापल्या." हे अर्धेच खरे आहे. नेमके काय झाले ते पाहू या.

जपानमध्ये व्याजदर आधीच शून्यावर आला होता. त्याखाली उतरण्यास जागा नव्हती. म्हणून ४ एप्रिल २०१३ रोजी बँक ऑफ जपानचे गव्हर्नर हारुहिको कुरोदा यांनी दुसरा मार्ग जाहीर केला. मध्यवर्ती बँकेने बाजारातून सरकारी रोखे मोठ्या प्रमाणात विकत घ्यायचे आणि त्यांची रक्कम विकणाऱ्या बँकांच्या आपल्याकडील खात्यात जमा करायची. यालाच क्वांटिटेटिव्ह ईझिंग म्हणतात. २०१२ अखेर १३८ लाख कोटी येन असलेले पायाभूत चलन २०१४ अखेर २७० लाख कोटींवर, म्हणजे जवळजवळ दुप्पट न्यायचे ठरले.

पण येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही रक्कम मुख्यतः बँकांच्या खात्यातच पडून राहिली. लोकांच्या हातातील व ठेवींतील पैसा वर्षाला तीन-चार टक्क्यांनीच वाढला, कारण कर्जाला तेवढे गिऱ्हाईक नव्हते. केवळ पैसा दुप्पट झाला म्हणून येन पडला असे म्हणावे, तर हा हिशेब जुळत नाही.

खरे काम रोख्यांच्या बाजारात झाले. शंभर येनच्या रोख्यावर वर्षाला एक येन व्याज ठरलेले असते. एवढा मोठा खरेदीदार आला की रोखा महागतो. पण व्याज तेवढेच राहते, म्हणून नव्याने घेणाऱ्याचा परतावा घटतो. २०१३ अखेर जपानी दहा वर्षांच्या रोख्यावर पाऊण टक्का, तर अमेरिकेच्या तशाच रोख्यावर तीन टक्के परतावा होता. विमा कंपनी असो वा पेन्शन फंड, ज्याला ठरलेली देणी भागवायची आहेत तो अशा वेळी बाहेर पाहतोच. अमेरिकन रोखा घ्यायचा तर येन विकून डॉलर घ्यावे लागतात. हीच विक्री येनला खाली ओढते. ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी जपानच्या सरकारी पेन्शन फंडाने देशी रोख्यांचा हिस्सा ६० वरून ३५ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले. त्याच दिवशी मध्यवर्ती बँकेने खरेदी आणखी वाढवली. येन लगेच घसरला.

बाजार मात्र घोषणेची वाट पाहत बसत नाही. नवे सरकार हे धोरण आणणार असे दिसताच, २०१२ च्या नोव्हेंबरपासूनच येनची विक्री सुरू झाली होती. सर्व पैसा सारखाच दाबही आणत नाही. जो गुंतवणूकदार आज डॉलर घेतो आणि त्याच वेळी ते पुढच्या तारखेला विकण्याचा सौदा बांधतो, त्याची खरेदी-विक्री परस्पर फिटते. त्याने येन हलत नाही.

या औषधाला मर्यादाही आहे. जानेवारी २०१६ मध्ये बँक ऑफ जपानने व्याजदर शून्याखाली नेला. येन आणखी पडेल असे अनेकांना वाटले, पण तो वधारून त्या वर्षाच्या मध्यास १०० च्या आसपास आला. जगात घबराट होती, अमेरिकेतील दरवाढ लांबत होती आणि बाहेर गेलेला पैसा घराकडे वळत होता. उलट २०२२ मध्ये अमेरिकेने व्याज झपाट्याने वाढवले, जपानने तसे केले नाही, आणि ऑक्टोबरमध्ये डॉलर १५० येनवर गेला.

तेव्हा येनमध्ये उधारीने यंत्र घेणाऱ्याने किती नोटा निघाल्या हे मोजत बसू नये. दोन्ही देशांच्या दहा वर्षांच्या रोख्यांच्या परताव्यातील अंतर पाहावे. ते रुंदावत असेल तर येन सहसा नरम राहतो. आकसू लागले तर पुढचे हप्ते महाग पडू शकतात. वरच्याच यंत्राचे एक कोटी येन १२० च्या भावाने देणे ठरले आणि हप्ते १०० च्या भावाने फेडावे लागले, तर ८३ हजार ३०० चे एक लाख डॉलर होतात. ऑर्डर देण्यापूर्वी हा फरक सोसण्याची ताकद आहे का, ते पाहिलेले बरे. नसेल तर बँकेकडून येनचा पुढचा भाव आधीच बांधून घ्यावा.