बरणीला वळसा घालणारी अक्षरं

लोणच्याच्या बरणीचं छायाचित्रासारखं चित्र आता एआयकडून काही मिनिटांत बनवून घेता येतं. काचेची बरणी, खाली लाकडी पाट, खिडकीतून येणारा उजेड असं वर्णन लिहिलं की चित्र हजर. घोडं अडतं ते लेबलापाशी. बरणी गोल असते, पण तिच्यावरचं नाव सपाट पाटीवर रंगवल्यासारखं दिसतं. पाहणाऱ्याला नेमकं काय खटकतं हे सांगता येत नाही, तरी चित्र खोटं आहे हे त्याला लगेच कळतं.

ही साधनं बरणीची त्रिज्या मोजत नाहीत. पूर्वी पाहिलेल्या असंख्य चित्रांच्या आधारे ती अंदाजानं रंगवतात. काच आणि उजेड त्यांना छान जमतो, अक्षरांत मात्र ती चुकतात. देवनागरीतली जोडाक्षरं आणि वेलांट्या तर बऱ्याचदा बिघडतात. म्हणून चित्रात कोऱ्या लेबलाची बरणी मागावी आणि नाव आपल्या हातानं बसवावं, हाच खात्रीचा मार्ग.

बसवताना पहिला प्रश्न रुंदीचा. समजा, बरणीचा व्यास 80 मिलिमीटर आहे आणि ‘कैरीचं लोणचं’ हे नाव कागदावर 90 मिलिमीटर रुंद छापलं आहे. बरणीला गुंडाळल्यावर तेच नाव समोरून जेमतेम 72 मिलिमीटर दिसतं. हा संकोच सगळीकडे सारखा नसतो. मधली अक्षरं जवळपास पूर्ण रुंदीची राहतात, तर टोकाची अक्षरं बरीच अरुंद होतात, कारण तिथे काच आपल्यापासून दूर वळलेली असते. नाव 60 मिलिमीटरवर आणलं तर टोकाच्या अक्षराची सुमारे पाऊणपट रुंदी शाबूत राहते आणि ते सहज वाचता येतं. त्याचे 15 मिलिमीटरचे चार उभे पट्टे कल्पिले, तर मधले दोन प्रत्येकी साधारण 14.6 आणि कडेचे दोन 12.6 मिलिमीटर दिसायला हवेत. फोटोशॉपमध्ये `Warp` ची जाळी ओढताना हेच माप हाताशी ठेवावं. चारही पट्टे सारखे राहिले की नाव पुन्हा सपाट दिसू लागतं.

दुसरा प्रश्न बाकाचा. कॅमेरा बरणीकडे किंचित वरून पाहत असेल, तर लेबलाची प्रत्येक ओळ मध्यभागी खाली झुकते. किती झुकते, हे झाकणाकडे पाहून कळतं. झाकणाचा गोल चित्रात लांबट दिसतो. त्याची उंची रुंदीच्या साधारण पाव असेल, तर कॅमेरा जवळजवळ 15 अंश वरून पाहतो आहे. अशा वेळी आपल्या 60 मिलिमीटरच्या नावाची टोकं मधल्या अक्षरापेक्षा जेमतेम 3 मिलिमीटर वर जातात. बाक एवढाच! पुष्कळ जण हौसेनं तो दुप्पट-तिप्पट करतात आणि नाव बरणीवरून सुटून हवेत तरंगू लागतं.

`Warp` मध्ये तयार आकारही असतात. त्यांतला `Arc` अक्षरं पंख्याच्या पात्यांसारखी फाकवतो. बरणीवर अक्षरांचे उभे दंड उभेच राहायला हवेत, त्यामुळे इथे `Arch` घ्यावा आणि `Bend` चा आकडा ऋण ठेवावा.

मराठी नावाला आणखी एक अडचण येते, ती शिरोरेषेची. वक्र रेषेवर मजकूर चढवण्याची सोय प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे तिरकं करते. रोमन लिपीत ते खपून जातं. देवनागरीत मात्र शिरोरेषेचे छोटे सरळ तुकडे पडतात, सांध्यांवर कोन दिसतात आणि कधी फटीही राहतात. म्हणून नाव आधी सरळ ओळीत लिहून घ्यावं, त्याचं `Smart Object` करावं आणि मग ते अखंड वाकवावं. शिरोरेषा एकसलग कमानीत वळली की काम नीट झालं असं समजायला हरकत नाही. खरं तर ही रेषा मराठी डिझायनरच्या मोठ्या उपयोगाची आहे, कारण वळणातली चूक तिच्यावर चटकन उघडी पडते.

या सगळ्याच्या आधी मूळ चित्रच तपासायला हवं. एआयनं काढलेल्या बरणीचं झाकण कधी वरून पाहिल्यासारखं असतं आणि तळ मात्र अगदी सरळ रेषेत. असं चित्र कितीही देखणं असलं तरी टाकून द्यावं, कारण दोन्हींशी जुळेल असा बाक अस्तित्वातच नसतो. चांगल्या चित्रात तळाची कमान झाकणाइतकीच किंवा किंचित जास्त गोलाईची असते, आणि लेबलाच्या ओळींचा बाक या दोहोंच्या दरम्यान बसतो.

शेवटी उजेड. लेबलाचा थर `Multiply` वर ठेवला की बरणीच्या कडेची सावली अक्षरांवरही उतरते. काचेवरची चकाकीची उभी रेघ मात्र वेगळ्या थरावर घेऊन अक्षरांच्या वर ठेवावी लागते. हा हिशेब सरळ बाजूंच्या बरणीपुरताच आहे. खाली निमुळत्या होत जाणाऱ्या बाटलीचं लेबल सपाट पसरलं तर आयत न राहता कमानीच्या आकाराचं होतं, त्यामुळे तिथे मूळ मांडणीच तशी करावी लागते.