एकच नोटीस, सगळ्यांच्या सह्या

मंडळी, 304च्या बाथरूमला ओल आली तेव्हा बिल्डर म्हणाला, "तुम्ही टाइल्स बदलल्यात, त्यामुळे." 404ला सांगितलं, "तुमचा प्लंबर चुकला." 504च्या पत्राला उत्तरच नाही. आता हे तिन्ही फ्लॅट एका कागदावर मांडा. एकावर एक, एकाच डक्टला लागून! म्हणजे दोष कुणाच्या टाइल्सपेक्षा सामाईक पाइपात असण्याची शक्यता जास्त. सुट्या पत्रांत हे दिसतच नाही.

रेरा कायद्याच्या कलम 14नुसार, ताब्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातला दोष कळवला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. सुट्या पत्रांची मुदत वेगवेगळी संपते. एका नोटिशीची सर्वांसाठी एकाच दिवशी.

म्हणून नोटिशीला तक्ता जोडू: फ्लॅट, ताब्याची तारीख, दोष, सही. सोबत फोटो. कुणाची 5 वर्षं भरत आली असतील, तर सह्यांसाठी रेंगाळायचं नाही. नोटीस करारनाम्यातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवू, पोचपावती जपू. उशिरा मिळालेल्या ताब्याचं व्याज मात्र ज्याच्या त्याच्या करारावर ठरतं. ते यात मिसळायला नको.